कामाच्या नोंदी: नवरीचा चेहरा, नवरीचे हात

१६ फेब्रुवारी
सांगलीतलं लग्न. हळद १४ ला घरी, लग्न १५ ला मिरज रस्त्यावरच्या कार्यालयात. काम वधूपक्षाचं. करिझ्मा अल्बम ठरलाय, १२ बाय ३६ इंच, ३० शीट, मॅट. दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं उतरवली. नेहमीप्रमाणे दोन वेगळ्या डिस्कवर नक्कल झाल्यावरच कार्डं फॉरमॅट केली. फोटो सगळे रॉ आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती जशीच्या तशी असलेले, आणि पुढे जे काही करायचं आहे त्यात याच गोष्टीचा उपयोग होणार.

हळदीचे फोटो आधी उरकले. सांगलीत हळद लावताना कुणी हात आखडता घेत नाही, पेठच हळदीची. हळदीतलं कुर्कुमिन निळा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे चेहऱ्यावर निळं चॅनल जवळपास रिकामं असतं. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळं ओततो आणि मागची पांढरी भिंत निळसर पडते. आमच्या स्टुडिओच्या दादांनी सुरुवातीलाच राखाडी रंगाचं ग्रे कार्ड धरून एक फोटो काढलेला असतो. त्यावरून रंग घेतला आणि सगळ्यांना एकदम लावला. त्या दिवशी पिवळं दिसायलाच हवं, तिथे हात लावायचा नाही.

१७ फेब्रुवारी
लग्नाच्या दिवसाची निवड झाली. डोळे मिटलेले, अक्षता नेमक्या नाकासमोर आलेले, व्हिडिओवाल्याची पाठ मध्ये आलेले असे सगळे बाद.

एक गोष्ट पहिल्याच नजरेत खटकली. बोहल्यावरच्या फोटोंत नवरीचा चेहरा पांढराफटक दिसतो, मान पिवळसर, हात गव्हाळ. एकाच माणसाचे तीन रंग. सकाळी गौरीहराच्या खोलीत काढलेल्या फोटोंत मात्र असं नाही. तिथे चेहरा उजळ आहे, पण हातांच्या रंगाशी जुळतो.

१८ फेब्रुवारी
कारण शोधल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही, हा दादांचा नियम. म्हणून आकडे घेतले. फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये लॅब आकडे लावून ठेवले की डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागत नाही. पहिला आकडा उजळपणाचा, ० म्हणजे काळं आणि १०० म्हणजे पांढरं. दुसऱ्यात लालसरपणा कळतो, तिसऱ्यात पिवळेपणा. ग्रे कार्ड ५० च्या आसपास यायला हवं. दोन्ही जागांचे फोटो आधी त्यावर आणले, म्हणजे तुलना खरी होते.

बोहल्यावर गालाचा उजळपणा ७८, लाल ६, पिवळा ७. मनगटाच्या वर, जिथे मेंदी नाही तिथे, ५८, १३ आणि २१. गौरीहराच्या खोलीत तोच गाल ६६, ११ आणि १५.

म्हणजे गाल आणि हात यांच्यात वीसाचा फरक आहे आणि तो एका कारणाने पडलेला नाही. त्यातले आठ मेकअपचे. फाउंडेशन तिच्या रंगापेक्षा उजळ घेतलंय. उरलेले बारा फ्लॅशचे. मेकअप पक्का बसावा आणि घामाने चमकू नये म्हणून वरून जी बारीक पावडर मारतात तिच्यात सिलिका असते. फाउंडेशनमध्ये उन्हापासून बचावाचं काही असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडही असतं. हे कण समोरून आलेला प्रकाश आल्या वाटेने परत फेकतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाही. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून थेट मारला तरच दिसतं. गौरीहराच्या खोलीत छत पांढरं होतं, फ्लॅश छतावर मारून उजेड खाली आणता आला. बोहल्यावर वर मरून कापडाचा मंडप. त्यावर मारला असता तर सगळे लालेलाल झाले असते. तिथे थेट फ्लॅशशिवाय मार्ग नव्हता.

मानेचा पिवळेपणा आदल्या दिवशीच्या हळदीचा. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसत्या साबणाने अंघोळ केली की मानेच्या वळीत ते राहतंच. चेहऱ्यावर फाउंडेशनने झाकलं गेलं, मान तशीच राहिली.

२० फेब्रुवारी
नवरीच्या मामांचा फोन. अल्बमचा खर्च त्यांच्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले नमुने त्यांनी पाहिले. त्यांचं म्हणणं असं: चेहरा छान आलाय, त्याच्यात अजून एक शेड वाढवा. हात आणि गळा मात्र काळे दिसतात, ते चेहऱ्यासारखे करा. भुवईच्या वरची खोक काढून टाका. "अल्बम सासरी जाणार आहे, चार माणसं बघणार. वरचे पैसे काय ते सांगा."

दादांनी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. "एक शीट करून दाखवतो मामा, मग बोलू," एवढंच म्हणाले. मग सांगितलं की मामांनी मागितलंय ते मनापासून करून बघ, मुद्दाम वाईट करू नकोस. आणि त्यासाठी कन्यादानाचा फोटो घे.

२१ फेब्रुवारी
कन्यादानाच्या फोटोत खाली नवऱ्याची ओंजळ, तिच्यावर नवरीची, वर वडिलांचे हात, आणि आई तांब्यातून धार सोडतेय. आठ हात आणि एकच चेहरा पूर्ण दिसतो. अवघड फोटोवर जमलं तर बाकीचं जमेल, असा दादांचा हिशोब असावा.

हात ५८ वरून ७८ वर न्यायचे. कर्व्ह्जचा लेअर, काळा मास्क, त्यावर फक्त नवरीचे हात रंगवून मोकळे करायचे. आधी कलर रेंजने त्वचा निवडून पाहिली. तिने नवरीच्या हातांबरोबर वडिलांचे हात, नवऱ्याची हनुवटी, लाकडी पाट आणि तांब्याचा अर्धा भाग उचलला. त्वचा, लाकूड आणि पितळ हे फोटोत एकमेकांना फार जवळचे रंग आहेत. शेवटी पेन टूलने बोटामागून बोट कापत मास्क केला.

आता जे बिघडलं ते. पहिली गेली मेंदी. मेंदीचा उजळपणा ३२ होता, त्वचेबरोबर ती वर आली आणि ५० च्या पुढे गेली. गडद तपकिरी होती ती गाजरी झाली. मेंदी वाचवायची तर तिचा वेगळा मास्क हवा, आणि नक्षी इतकी बारीक की रेषेच्या कडेला पांढरट किनार उरते. दुसरा, चुडा. हिरव्या बांगड्यांचा हिरवा उजेड मनगटावर पडलेला असतो. त्वचा उजळली की तो उजेड पोपटी डाग होऊन बसतो. तिसरं, सावल्या. बोटांच्या बेचक्यांत आयएसओ ३२०० चे दाणे दबलेले होते, ते वर आले. सावली पुसली तर हात मेणाचा दिसतो, ठेवली तर मळका.

हे सगळं वेळ घालवून काही प्रमाणात सावरता येतं. चौथ्या गोष्टीला मात्र उपाय सापडला नाही. मूळ फोटोत वडिलांचा हात आणि मुलीचा हात एकाच रंगाचे आहेत. आकडेही जवळपास तेच. तिचा उजळला की त्या ओंजळीत बाहेरचं कुणीतरी येऊन हात घालून बसल्यासारखं दिसतं. मग वडिलांचा उजळायचा का? मग आईचा? मग नवरा एकटाच सावळा उरतो, आणि त्याच्या घरी अल्बम जाणार.

तरीही शीट पूर्ण केली. क्रमांक १.

२२ फेब्रुवारी
उलट बाजूने करून पाहिलं: हात जसेच्या तसे ठेवले आणि चेहरा ७८ वरून ५८ वर आणला.

इथे एक चूक हमखास होते, ती मुद्दाम दाखवण्यासाठी आधी तशीच केली. नुसता उजळपणा उतरवला. चेहरा सावळा होण्याऐवजी राखेने सारवल्यासारखा झाला. कारण आकड्यांत दिसतं: लाल ६, पिवळा ७ तसेच राहिले. पावडरने उजळपणा वाढवताना त्वचेचा रंगही धुऊन टाकला होता. रंग परत भरल्याशिवाय नुसता अंधार केला तर राखाडीच उरणार.

म्हणून दोन लेअर. पहिला कर्व्ह्जचा, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी, म्हणजे तो रंगाला हात लावत नाही. मास्क काळा करून मऊ ब्रशने फ्लो ३० टक्के ठेवून फक्त पावडर बसलेल्या जागा मोकळ्या केल्या: कपाळ, नाकाचा दांडा, गालाचा उंचवटा, हनुवटी. डोळ्यांखाली सगळ्यात जास्त, कारण तिथे काळी वर्तुळं झाकायला कन्सीलर आणि त्यावर पुन्हा पावडर असते. गालाची बाजू आणि जबडा जवळजवळ ठीकच होते, फ्लॅश तिथे तिरका पडला होता. दुसरा लेअर सपाट रंगाचा, ब्लेंड मोड कलर, अपारदर्शकता ३५ टक्के, मास्क तोच. दात, डोळ्यांतलं पांढरं, कुंकू, नथीचे मोती आणि मुंडावळ्या मास्कमधून बाहेर ठेवायच्या. मुंडावळ्यांचे मोती विसरले तर ते चहात बुडवून काढल्यासारखे दिसतात.

नाकाच्या शेंड्यावर लाल चॅनल २५५ ला टेकलं होतं. तिथे फोटोत माहितीच नाही, वरून रंग चढवला तर लिंपल्यासारखा दिसतो. रॉमध्ये जाऊन हायलाइट खाली ओढल्यावर थोडं पोत परत आलं. जेपेग असतं तर हेही मिळालं नसतं.

शीट क्रमांक २.

संध्याकाळी दादांनी पाहिली आणि मान हलवली. "हे पण खरं नाही. मेकअप तिने हौसेने केलाय, पैसे दिलेत. तो उतरवायला तिने आपल्याला सांगितलेलं नाही. मेकअप तिचा, फ्लॅश आपला. आपलं तेवढं काढ."

म्हणजे लक्ष्य ५८ नाही आणि ७८ ही नाही. गौरीहराच्या खोलीतले ६६, ११ आणि १५. त्या दिवशी समोर बसलेल्या लोकांनी डोळ्यांनी जो चेहरा पाहिला तो. हातांपेक्षा उजळच राहील, कारण तो खरोखर उजळ होता. आकडा एकदा ठरला की काम सोपं होतं. कलर लेअरचा रंगही अंदाजाने न घेता गौरीहराच्या फोटोतल्या त्याच गालावरून उचलला.

शीट क्रमांक ३.

२४ फेब्रुवारी
सूनमुखाचा फोटो. सासूबाई आणि सून एकाच आरशात बघतायत. कॅमेरा बाजूने, त्यामुळे सुनेचा चेहरा दोनदा आलाय: एकदा कडेने थेट, एकदा आरशात समोरून. थेट दिसणारा गाल पांढरा, आरशातला गव्हाळ. पावडर प्रकाश परत फेकते तो मुख्यतः फ्लॅशच्या दिशेने. आरशातून कॅमेऱ्यापर्यंत येणारी वाट वेगळी, म्हणून आरशात पांढरेपणा कमी. एकाच क्षणाचे, एकाच चेहऱ्याचे दोन रंग एका चौकटीत. कार्यालयातल्या उजेडाबद्दल कुणाला शंका असेल तर हा फोटो दाखवायचा.

मामांच्या मागणीप्रमाणे केलं तर इथे दोन्ही चेहरे वेगवेगळे उजळावे लागतील, आणि शेजारी सासूबाई आहेतच.

२५ फेब्रुवारी
तिन्ही प्रकारच्या अर्ध्या शीट, १२ बाय १८, मॅट कागदावर छापून आणल्या. फोनवर दाखवून निर्णय घ्यायचा नाही. फोनचा पडदा स्वतः प्रकाश देतो, आणि बहुतेक जण तो पूर्ण उजेडावर ठेवतात. कागद पडलेल्या उजेडाचा काही भागच परत देतो. मामांना फोनवर 'छान' वाटलेला चेहरा कागदावर खडूसारखा आलाय. अल्बम कागदाचा आहे.

प्रत्येक शीटच्या मागे पेन्सिलने नुसता आकडा टाकला.

२७ फेब्रुवारी
नवरी मांडवपरतणीला माहेरी आली आहे. दुपारी आई आणि मामांबरोबर स्टुडिओत आली. दादांनी शीट दाराजवळच्या टेबलावर मांडल्या, बाहेरचा उजेड पडेल अशा, आणि ट्यूबलाइट बंद केली. कुठली कशी केली ते सांगितलं नाही.

आईंनी पहिल्यांदा क्रमांक १ उचलली. चेहरा बघून खूश झाल्या. मग खाली बघितलं.

"मेंदी का गं अशी? उतरल्यासारखी?"

मामा म्हणाले, "ती परत गडद करता येईल की. काय दादा?"

"येईल मामा. पण एकेक रेषा परत काढावी लागेल, आणि असे फोटो साठाच्या वर आहेत. मेंदी रंगली होती काकूंना माहीत आहे. पुन्हा काढलेली मेंदी त्यांनाच ओळखू येईल."

काकूंना ते पटलंच होतं. मेंदी किती रंगली होती हे लग्नात त्यांनी चार बायकांना दाखवलं असणार, आणि अल्बममध्ये ती फिकी निघणं त्यांना गोऱ्या हातापेक्षा महाग पडत होतं. क्रमांक १ त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली.

नवरी तोवर काही बोलली नव्हती. दादांनी तिला थेट विचारलं, "ताई, चेहरा तुमचा आहे. यातला कुठला?"

तिने २ आणि ३ शेजारी धरल्या. २ बद्दल म्हणाली, "यात मेकअप केल्यासारखंच वाटत नाही." मग ३ वर बोट ठेवलं. "पार्लरवाल्या ताईंनी तयार झाल्यावर आरसा दिला, तेव्हा अशी दिसत होते."

हनुवटीवर आदल्या दिवशी आलेल्या दोन पुटकुळ्या काढा, असं तिने स्वतः सांगितलं. भुवईवरची खोक काढायची का, विचारल्यावर "राहू दे" म्हणाली. काढायला हीलिंग ब्रशचे दोन टिचके लागले असते, पण व्हिडिओत ती सगळीकडे आहे, तिथे निघणार नाही.

मामांचं समाधान झालं नाही. त्यांची शेवटची मागणी: आतल्या शीट हव्या तशा करा, पण कव्हरवरचा फोटो आणि सासरी भिंतीवर लागणारी २० बाय ३० ची फ्रेम माझ्या म्हणण्याप्रमाणे. दादा "उद्या सांगतो" म्हणाले.

२८ फेब्रुवारी
दादांनी मामांना फोन करून निर्णय कळवला. पुढच्या कामाला लागतील म्हणून मुद्दे इथे उतरवून ठेवतो.

कव्हर आणि फ्रेमसुद्धा क्रमांक ३ प्रमाणेच. कव्हर उघडलं की पहिल्या पानावर तोच चेहरा वेगळ्या रंगाचा निघतो, आणि बघणाऱ्याला कळतं की एक खोटं आहे. कुठलं ते तो आपल्या मनाने ठरवतो.

पावडरचा पांढरेपणा काढण्याचे जादा पैसे घ्यायचे नाहीत, तो फोटोच्या कामाचाच भाग आहे. पुटकुळ्या, घामाची चमक, पदरावरचा अक्षतांचा दाणा, हे पण त्यातच. जे पंधरा दिवसांत आपोआप जातं ते काढायचं. जे जन्मभर राहणार ते नवरीने स्वतः सांगितल्याशिवाय काढायचं नाही, आणि वर्ण तर सांगूनही बदलायचा नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तर नाहीच, मग बिल कोणीही भरो.

पूर्ण फोटो उजळायला मात्र हरकत नाही. मॅट कागदावर फोटो थोडा दबतो, म्हणून एक्स्पोजर पाव ते एक तृतीयांश स्टॉप वर न्यावंच लागतं. त्यात नवरीबरोबर वडील, भटजी, नारळ, अंतरपाट सगळे वर येतात. एकट्या माणसाला उचललं की गडबड.

मामा चिडले. "गिऱ्हाईक मागतंय ते द्यायला काय हरकत आहे?" दादांनी सांगितलं की सगळ्या तयार फोटोंच्या पूर्ण आकाराच्या जेपेग पेनड्राइव्हवर मिळतील, फ्रेम कुठूनही करून घ्या, फक्त आमचा शिक्का तिच्यावर नको. फ्रेमचे पैसे बिलातून कमी केले. उरलेल्या रकमेबद्दल मामा काहीच बोलले नाहीत. ती अडकणार हे धरून चालायचं.

३ मार्च
थेट फ्लॅशचे, चेहरा मोठा दिसणारे फोटो नव्वदच्या घरात. दोन लेअरची अ‍ॅक्शन करून ठेवली, ती लेअर आणि काळे मास्क आपोआप तयार करते. मास्क मात्र प्रत्येक फोटोला हातानेच रंगवायचा, कारण डोकं वळलं की पांढरं पडण्याची जागा सरकते. सप्तपदीत ती खाली बघतेय, तिथे कपाळच पांढरं. लाजाहोमात होमाचा नारिंगी उजेड एका गालावर आहे. तिथे कलर लेअरची अपारदर्शकता १५ वर आणली, नाहीतर जाळाचा रंग मरतो. पाठवणीचे फोटो संध्याकाळी उघड्यावर, फ्लॅशशिवाय काढलेले. त्यांना काहीच करावं लागलं नाही. काजळ ओघळलंय, तेही तसंच ठेवलं.

दर दहा फोटोंनंतर सगळे लहान करून एका रांगेत लावले आणि लांबून पाहिले. एकट्या फोटोवर काम करताना डोळा त्याला सरावतो आणि हात हळूहळू वाहवत जातो. रांगेत लावलं की एखादा चेहरा लगेच वेगळा पडतो. सीमंतपूजनाचे तीन असे निघाले, ६३ वर गेले होते. परत ६६ ला आणले.

मान. हळदीचा पिवळेपणा पूर्ण काढला नाही. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त पिवळ्याची तीव्रता थोडी उतरवली, चेहऱ्याच्या कडेला रेघ दिसू नये इतपतच.

७ मार्च
शीट जुळवल्या. १०८०० बाय ३६०० पिक्सेल, ३०० डीपीआय, एसआरजीबी, ८ बिट जेपेग. लेअरचं काम १६ बिटमध्ये केलं, शेवटी उतरवलं. गालासारख्या सपाट उतारावर ८ बिटमध्ये फार ओढाताण केली तर पायऱ्या पडतात. शीटच्या मधोमध घडी येते, तिथे कुणाचा चेहरा नको. कन्यादानाचा फोटो पूर्ण डाव्या पानावर घेतला.

छपाईच्या लॅबला आधी चारच शीट लहान आकारात छापायला दिल्या. तिथे बहुतेक काम 'ऑटो करेक्शन' लावून जातं. ते चेहरे ओळखून परस्पर उजळतं, म्हणजे इथे उतरवलेलं तिथे परत चढतं. 'करेक्शन बंद' असं ऑर्डरवर लिहिलं, फोन करूनही सांगितलं. नमुने आले ते बरोबर आहेत, सूनमुखात दोन्ही चेहरे एक झालेत. सगळ्या शीट छपाईला गेल्या.

१५ मार्च
अल्बम काकूंना दिला. त्यांनी दुकानातच पूर्ण उलटून पाहिला, मेंदीच्या पानावर थांबल्या, उरलेली रक्कम त्यांनीच दिली. मामा आले नव्हते. पेनड्राइव्ह काकूंकडेच दिला. फ्रेम मामांनी दुसरीकडे करायला टाकली आहे, असं त्यांच्याकडून कळलं.

१७ मार्च
पार्लरवाल्या ताई येऊन गेल्या. त्यांना सूनमुखाचा आधीचा फोटो दाखवला. सिलिकाची पावडर वापरण्याचं त्यांचं कारणही खरं आहे: व्हिडिओच्या दिव्यांखाली दोन तास बसल्यावर घामाने मेकअप फुटतो. म्हणून असं ठरलं की पावडर फक्त नाकाच्या बाजूला आणि कपाळाच्या मध्यावर, डोळ्यांखाली नाही. फाउंडेशनचा रंग हाताच्या मागच्या बाजूवर न बघता जबड्याच्या खाली बघायचा. हळदीनंतर मानेला आधी तेल चोळून मग साबण. आणि मेकअप झाल्यावर खोली अंधारी करून फोनच्या फ्लॅशने हातभर अंतरावरून एक फोटो. त्यात कपाळ पांढरं दिसलं तर तिथेच ओल्या स्पंजने पावडर टिपून घ्यायची. बोहल्यावर गेल्यावर काही करता येत नाही.

आपल्या बाजूने: मंडपाचं कापड गडद असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवायचा नाही, सॉफ्टबॉक्स लावून हेल्परच्या हातात, चेहऱ्याच्या बाजूला पंचेचाळीस अंशांवर. गर्दीत हेल्पर ढकलला जातो, म्हणून त्याची जागा भटजींच्या मागे, आणि ती भटजींना आधी सांगून. पुढचं लग्न तासगावला, २३ ला. कार्यालय आदल्या संध्याकाळी बघून यायचं आहे.